जर्मनीचं गिऱ्हाईक आणि ‘नाद खुळा’ पायताण

ताई, मी २६ वर्षांची. दिवसा सुभाषनगरात घरच्या कारखान्यातल्या पायताणांच्या ऑर्डरी बघते आणि रात्री nadkhula_paytan या नावानं विनोदी रील टाकते. त्यात चेहरा नसतो, फक्त हात आणि आवाज. घरी आणि धंद्यात हे कुणाला ठाऊक नाही, ठाऊक व्हायला नको आहे. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका दुकानाबरोबर गूगल मीट होती. माझ्या चौकटीत खाली हेच नाव झळकलं, समोरचे दोघं हसले, मला घाम फुटला. पुढच्या महिन्यात बंगळूरुच्या आणि जर्मनीच्या खरेदीदारांबरोबर मीटिंगा आहेत. पूर्ण नाव टाकलं तर कुणी शोधत शोधत हँडलपर्यंत पोचेल अशी भीती वाटते, अर्धंमुर्धं टाकलं तर लोक फसवं समजतील. काय नाव टाकू?
— पायताणवाली, कोल्हापूर

पायताणवाली,

नाव आणि आडनाव, दोन्ही टाक. तुझं नाव मी इथं छापणार नाही, हँडलही बदलून छापलंय. बोलायला सोपं जावं म्हणून तुला ऋतुजा पोवार म्हणू. तर मीटिंगच्या चौकटीत Rutuja Powar, बास. पुढं ताई नको, मालकीण नको, चपलेचं चित्र नको.

आडनाव टाकायला तुझं मन धजत नाही ते कळतं. पण हे खरेदीदार तुझ्याकडं कशाला येतायत ते बघ. माल घ्यायचा, पैसे पाठवायचे. परदेशात माल धाडायचा म्हणजे आयात-निर्यात कोड लागतो, बिल लागतं, पैसे ज्या खात्यात येणार त्याचं नाव लागतं. या सगळ्या कागदांवर पोवार येणारच, कारखाना वडिलांच्या नावावर असला तरी. चौकटीत Rutuja S. किंवा नुसतं Rutuja, आणि बिलावर पोवार, असं झालं की समोरच्या हिशेबनिसाला शंका येते. ती शंका तो तुला विचारत नाही, नुसता पैसे पाठवायला वेळ लावतो. पैसे देणाऱ्याला मीटिंगमधलं नाव, ई-मेलमधलं नाव आणि बिलावरचं नाव एका दृष्टिक्षेपात जुळलेलं हवं असतं.

आता भीतीचं. Rutuja Powar असं कुणी शोधलं तर त्याला काय सापडेल? जिथं तू हे नाव लिहिलंयस तेवढंच. रीलच्या खात्यावर ते कुठंच नसेल तर नावावरून तिथं वाट जात नाही. वाट जाते ती दुसरीकडून: त्याच ई-मेल पत्त्यावरून, त्याच फोटोवरून, त्याच चमत्कारिक शब्दावरून. पुण्याच्या मीटिंगमध्ये नेमकी हीच वाट उघडी पडली. म्हणजे नाव निवडणं दोन मिनिटांचं काम आहे आणि खरा घोळ नावाच्या खाली आहे, खात्यात. तिकडं येतेच, आधी नावाचं उरकते.

पहिली गोष्ट क्रमाची. दहावीच्या गुणपत्रिकेपासून आपल्याला आडनाव आधी लिहायची सवय, पोवार ऋतुजा आनंदराव. गूगलचं खातं काढताना First name आणि Last name असे दोन वेगळे रकाने असतात आणि आपली बरीच मंडळी पहिल्या रकान्यात आडनाव ठोकून मोकळी होतात. मग बंगळूरुचा माणूस “हाय पोवार” अशी सुरुवात करतो, नाहीतर त्याला वाटतं की तुझं नावच पोवार. ज्या नावानं तुला हाक मारावी असं वाटतं ते आधी. वडिलांचं नाव मधे घालू नकोस. एकतर चौकट छोटी, फोनवर तर बोटभर. लांब नाव तिथं शेवटी कापलं जातं, Rutuja Anandr… एवढंच दिसतं आणि कामाचं आडनावच गायब होतं.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. ऋतुजा म्हणजे आपल्याकडं रु, हिंदीकडं रि. पोवार म्हणजे कोल्हापुरात Powar, बाहेरचा माणूस आपोआप Pawar लिहितो. यातलं बरोबर कुठलं हा वाद घालण्यात अर्थ नाही. पॅन कार्डावर आणि बँकेत जे आहे तेच अक्षरन् अक्षर चौकटीत. जर्मन माणूस j चा उच्चार य करतो आणि w चा व, म्हणजे तुला ‘रुतुया पोवार’ अशी हाक येईल. येऊ दे. पहिल्या वाक्यात आपलं नाव स्वच्छ उच्चारून सांग, तो ऐकून घेईल. त्याला सोपं जावं म्हणून स्पेलिंगला Rutooja वगैरे कलम करू नकोस, नाहीतर बिल आणि चौकट परत वेगळी.

देवनागरीत लिहू का, असं तू विचारलं नाहीस, पण पुढचं पत्र त्यावरच येणार म्हणून सांगते. शिरोळच्या किंवा सांगलीच्या व्यापाऱ्याबरोबर खुशाल ‘ऋतुजा पोवार’ लिही, छान दिसतं. जर्मनीच्या माणसाला ते वाचता येणार नाही, बंगळूरुच्याला येईलच असं नाही, आणि वाचता आलं नाही की टंकताही येणार नाही. मीटिंगनंतर तो आपल्या मेलमध्ये तुझं नाव टंकून शोधायला जाईल आणि त्याला काही मिळणार नाही.

एक अवघड गोष्ट आहे, तीही बोलून टाकते. आपल्याकडं आडनाव ऐकलं की काही लोक मनात लगेच जात मांडतात, आणि चामड्याच्या धंद्यातल्या घरांना याचा अनुभव जास्त. म्हणून काही जण मीटिंगमध्ये आडनाव टाळून नावापुढं वडिलांचं किंवा आईचं नाव लावतात, Rutuja Anand असं. कुणी गावावरून ‘कर’ लावून घेतं. तुझ्या पत्रात हे कारण नाही. असतं तरी ते खोटेपण नाही, ज्याला जसं ओळखून घ्यायचंय तसं त्यानं घ्यावं. फक्त मग तेच नाव मेलच्या सहीत, व्हिजिटिंग कार्डावर सगळीकडं लाव आणि बिलाच्या वेळी एका ओळीत कळव की कागदोपत्री नाव अमुक आहे. जर्मन माणसाला यातलं काहीच कळत नाही, त्याला दोन नावं का ते तेवढं समजलं की पुरे.

नावापुढं कारखान्याचं किंवा गावाचं नाव लावायचं का? चारजणांच्या ठरलेल्या मीटिंगमध्ये गरज नाही, तिथं तू कोण ते सगळ्यांना माहीत असतं. पण एखाद्या निर्यातीच्या वेबिनारला दोनशे अनोळखी लोक असतील तर Rutuja Powar, Kolhapur असं लिहिलेलं बरं. पोवार पुष्कळ, ऋतुजाही पुष्कळ, गावानं तू वेगळी होतेस. तिथं आडनाव नको वाटलं तर Rutuja P, Kolhapur चालेल, कारण त्या गर्दीत कुणी तुला पैसे पाठवणार नसतो. मात्र नावापुढं GI लिहू नकोस. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे आणि त्याचा शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती असली तर कागद दाखव, चौकटीत फुशारकी नको. तसंच Er., CEO, Proprietor हेही गाळ. कोल्हापुरात पाटीवर पदव्या लावायची हौस मोठी, पण अनोळखी माणसाला त्यातून इतकंच कळतं की तुला हौस आहे.

आता खात्याचा घोळ.

गूगल मीटमध्ये तू साइन-इन करून गेलीस की नाव तुझ्या गूगल खात्याचं येतं. मीटिंगमध्ये बसून ते बदलता येत नाही. तू बहुतेक कॉलेजात असताना रीलसाठी खातं काढलंस, नावाच्या रकान्यात हँडल घातलंस आणि पुढं तेच खातं धंद्याच्या मेलला वापरलंस. म्हणून पुण्याच्या दुकानाला चौकटीत हँडल दिसलं. तिथं बसलेल्या माणसानं ते फोनवर शोधलं असतं तर एका मिनिटात तुझ्या रीलपर्यंत पोचला असता. शोधलं असेलच असं नाही. लोक हसतात आणि विसरतात.

तू आता पहिला विचार काय करशील ते मी ओळखते: myaccount.google.com वर जायचं, Personal info मध्ये नाव बदलून Rutuja Powar करायचं. थांब. हीच चूक सगळ्यांत महाग पडते. ते खातं रीलचं आहे. तू त्या खात्यातून एखाद्या चाहत्याच्या मेलला उत्तर दिलंस किंवा कुणाला ड्राइव्हवरची फाइल पाठवलीस की आता त्याला तुझं खरं नाव दिसेल. एवढं करूनही मेलचा पत्ता तोच राहील, nadkhula वालाच, आणि तू कॅलेंडरमधून पाठवलेल्या आमंत्रणात खरेदीदाराला तो पत्ता दिसत राहील. म्हणजे नाव बदलून तू दोन्ही बाजूंना जोडणारा पूलच बांधलास. यूट्यूबवर चॅनेलचं नाव खात्याच्या नावापेक्षा वेगळं ठेवता येतं, तेवढ्यावर विसंबून ‘माझं काय दिसत नाही’ असं समजू नकोस. मीटला ती सोय नाही.

उपाय दुसऱ्या खात्याचा. धंद्यासाठी नवं गूगल खातं काढ, पत्त्यात नाव आणि आडनाव. नुसतं नाव मिळणार नाही, कुणीतरी आधी घेतलेलं असणारच, मग पुढं kolhapur जोड. पत्त्यात paytan हा शब्द आणू नकोस. हे जरा समजून घे. चपलेला chappal म्हणणारे कोट्यवधी आहेत, रोमन अक्षरात paytan लिहिणारे मूठभर. दुर्मीळ शब्द हा बोटाच्या ठशासारखा असतो. कारखान्याचं मेल powarpaytan आणि रील nadkhula_paytan असं असलं तर तो एक शब्द शोधणाऱ्याला दोन्ही एकाखाली एक दिसतील. हँडलच्या शेवटी आकडा असेल तर तोही कामाच्या पत्त्यात नको, आणि हँडलचं ते लाडकं ‘नाद खुळा’ तर नकोच नको. जर्मन माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगायला बसलीस तर मीटिंग संपेल.

फोटोही वेगळा हवा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद केलास की चौकटीत खात्याचा फोटो येतो. रीलच्या खात्यावर जो कापशी चपलेचा फोटो आहे, तोच सवयीनं इकडं लावू नकोस, आणि तोच फोटो जरा कापून किंवा रंग बदलूनही नको, चित्रावरून शोध घेणाऱ्याला तेवढ्यानं फसवता येत नाही. साधा, उजेडात काढलेला चेहऱ्याचा फोटो लाव. रीलमध्ये चेहरा नाही, म्हणजे चेहरा ही तुझी पूर्णपणे धंद्याकडची गोष्ट आहे. हे तुझ्या बाजूचं आहे.

नवं खातं काढलं आणि तरीही मीटिंगला जुनं नाव आलं, अशा तक्रारी माझ्याकडं बऱ्याच येतात. कारण असं: एका ब्राउझरमध्ये दोन खाती साइन-इन असली की मीटची लिंक साधारणपणे पहिल्या खात्यातून उघडते, म्हणजे जे तू आधी साइन-इन केलेलं असतं त्यातून. ते रीलचं असणार. यावर क्रोममध्ये दुसरं प्रोफाइल काढ. उजवीकडं वर गोल चित्र असतं, त्यावरून नवं प्रोफाइल जोडता येतं. त्याला वेगळा रंग दे. हिरव्या खिडकीत धंदा, लाल खिडकीत रील. धंद्याच्या खिडकीत रीलचं खातं कधीच साइन-इन करायचं नाही, ‘जरा एक मिनिट बघते’ म्हणूनही नाही. फोनवर मीटच्या ॲपमध्ये वरच्या गोल चित्रावर बोट ठेवून खातं बदलता येतं, पण मीटिंगच्या घाईत ते विसरायला होतं. म्हणून लॅपटॉप असेल तर त्यावरूनच बस. आत जाण्याआधीच्या पानावर कोणत्या खात्यातून जातेयस ते दिसतं. ते वाचल्याशिवाय जॉइनचं बटण दाबू नकोस.

जर्मनीवाला झूमची लिंक पाठवेल असं वाटतं. तिकडं पद्धत वेगळी. खातं नसताना लिंक उघडलीस तर झूम नाव विचारतो. फोनवर मात्र त्या रकान्यात बऱ्याचदा फोनचंच नाव आधी भरलेलं असतं, Galaxy किंवा Redmi असं काहीतरी, आणि माणसं ते न वाचता पुढं जातात. ते पुसून नाव टाक. खातं असेल तर त्यातलं Display Name येतं, ते zoom.us/profile वर एकदाच नीट करून ठेव. मीटिंगमध्ये गेल्यावर चूक लक्षात आली तर Participants उघडून आपल्या नावावर Rename मिळतं. पण ते तेवढ्या मीटिंगपुरतंच, आणि मीटिंग घेणाऱ्यानं ती मुभा बंद केलेली असली तर मिळतही नाही. शिवाय तोवर तू वेटिंग रूममधून आत आलेली असतेस आणि जुनं नाव त्यानं वाचलेलं असतं.

वेटिंग रूमचं महत्त्व मला स्वतःला एकदा चांगलंच कळलं. लॉकडाउनच्या काळात एका संस्थेच्या मुलाखतींना मी परीक्षक होते. माझा लॅपटॉप ऐनवेळी बसला म्हणून भाच्याचा टॅब घेतला. लिंक दाबली आणि ‘थोडं थांबा’ अशा पाटीसमोर बसून राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तिकडं मंडळी माझी वाट बघत होती आणि Danger_Bhau नावाचा कोण वेडपट बाहेर ताटकळतोय म्हणून त्याला मुद्दाम आत घेत नव्हती. शेवटी फोन आला, “बाई, तुम्ही कुठायत?” मी म्हटलं, “दारातच आहे की.” त्यानंतर वर्षभर तिथले एक गृहस्थ मला डेंजरबाई म्हणत होते. जर्मनीच्या ऑफिसात तुला आत घेणारी एखादी कारकून असेल, तिच्याकडं यादी असेल आणि यादीत Rutuja Powar असेल. चौकटीत दुसरं काही असलं तर ती तुला हसणारही नाही, सरळ बाहेर ठेवेल.

बंगळूरुवाले टीम्स वापरत असले आणि तू खात्याशिवाय पाहुणी म्हणून गेलीस तर नावापुढं तू बाहेरची किंवा ओळख न पडताळलेली व्यक्ती असल्याचा शेरा दिसतो. त्यात कमीपणा नाही, असं येणाऱ्या सगळ्यांना लागतो.

आता हे सगळं तुझ्या बाबतीत कसं चालेल ते एकदा करून बघू. समजा जर्मनीची मीटिंग गुरुवारी आहे. मंगळवारी संध्याकाळी कारखाना बंद झाला की बहिणीला किंवा मैत्रिणीला तिचा फोन घेऊन बसव. तिनं तुझा धंद्याचा नंबर किंवा मेल आधी सेव्ह केलेला नसावा. हे महत्त्वाचं आहे, कारण जीमेलमध्ये ज्यानं तुला ज्या नावानं सेव्ह केलं असेल तेच नाव त्याला दिसू शकतं, आणि मैत्रिणीच्या फोनात तू ‘ऋतू’ असशील तर चाचणीला अर्थ नाही. तू हिरव्या खिडकीतून तिला कॅलेंडरचं आमंत्रण पाठव. तिनं ते उघडून मोठ्यानं वाचावं: नाव काय, पत्ता काय. मग मीट सुरू कर. ती आत आली की कॅमेरा बंद कर आणि विचार, फोटो कुठला दिसतो. चॅटमध्ये एक ओळ टाक, त्यावर नाव काय येतं ते विचार. मग ज्या फाइलमध्ये भाव लिहिलेत ती तिला पाठव आणि मालक म्हणून कुणाचं नाव येतं ते बघायला सांग. या शेवटच्या जागी माझ्या ओळखीची माणसं सर्वांत जास्त फसली आहेत. मीटिंग नव्या खात्यातून, आमंत्रण नव्या खात्यातून, आणि भावपत्रक चार वर्षांपूर्वी जुन्या खात्यात केलेलं, तेच पाठवून दिलेलं. फाइल उघडणाऱ्याला मालकाचं नाव म्हणून nadkhula. भावपत्रक डाउनलोड करून नव्या खात्यात नव्यानं चढव, नुसती शेअर करू नकोस.

गुरुवारी तुझा भाऊ कारखान्यातून दुसऱ्या फोनवरून येऊन माल दाखवणार असेल, तळ कसा शिवलाय, वेणी कशी घातलीय वगैरे, तर त्याला तुझ्याच खात्यातून आत घेऊ नकोस. दोन चौकटी आणि दोन्हींत Rutuja Powar असं दिसेल, समोरचा प्रश्न कुणाला विचारायचा ते त्याला कळणार नाही. झूम असेल तर भावाच्या फोनवर त्याचं स्वतःचं नाव टाकून पुढं workshop लिही. तिथं तो शब्द शोभतो, कारण चौकटीत माणसापेक्षा माल दिसणार असतो. आणि तुम्ही दोघं एकाच खोलीत असाल तर एकाचा आवाज बंद ठेवा, नाहीतर घुमेल.

व्हॉट्सॲप राहिलं. मीटिंग संपली की खरेदीदार “व्हॉट्सॲपवर नमुने पाठवा” म्हणणार. ज्यानं तुझा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला नंबरासोबत ~ अशा खुणेपुढं तू प्रोफाइलमध्ये लिहिलेलं नाव दिसतं. तिथं तू काय लिहून ठेवलंयस ते आत्ता बघ. आणि रीलचं खातं ज्या फोन नंबरावर आहे तोच नंबर खरेदीदारांना देतेस का, तेही बघ. इन्स्टाग्रामसारखी ॲपं लोकांच्या फोनमधल्या नंबरांवरून ‘हे तुमच्या ओळखीचे असतील’ असं सुचवत असतात. नंबर एकच असेल तर रीलच्या खात्यातून तो काढ आणि दुसरा घाल, नाहीतर सेटिंगमधून आपलं खातं इतरांना सुचवणं बंद कर. दोन्ही केलंस तर अजून बरं.

एका गोष्टीवर माझ्याकडं औषध नाही. तुझ्या रीलमध्ये तुझा आवाज आहे, मीटिंगमध्येही तोच असणार. जर्मनीत तो कुणी ओळखणार नाही, बंगळूरुतही नाही. पण पुण्यात, मुंबईत एखादा मराठी खरेदीदार रील बघणारा निघाला तर तो पहिल्या दोन वाक्यांत ओळखेल, नाव काहीही असो. आवाज बदलून बोलायला जाऊ नकोस, ते लगेच कळतं आणि फार वाईट दिसतं. कुणी विचारलंच तर “हो, माझाच आवाज, पण हे कारखान्यात कुणाला ठाऊक नाही, तुमच्यापाशीच राहू द्या” एवढं सांग आणि मालाच्या दराच्या गोष्टीवर ये. तो ग्राहक बहुधा खूशच होईल आणि सवलत मागेल. सवलत देऊ नकोस.

राहिलं पुण्याचं दुकान. त्यांना सफाई देत बसू नकोस. नव्या खात्यातून दोन ओळींचा मेल टाक:

“नमस्कार, गेल्या आठवड्यातल्या बोलण्याप्रमाणे नमुन्यांचे भाव सोबत जोडले आहेत. यापुढे ऑर्डरींसंबंधी कृपया याच पत्त्यावर लिहावे. — ऋतुजा पोवार, कोल्हापूर”

जुन्या खात्यातलं ते आमंत्रण दर आठवड्याला पुन्हा येणारं असेल तर रद्द करून नव्यातून पाठव, नाहीतर पुढच्या मीटिंगला ते परत जुन्याच लिंकवर येऊन बसतील. त्यांच्या मेलच्या यादीत जुना पत्ता काही दिवस राहील, सवयीनं एखादा मेल तिकडं येईलही. त्याचं उत्तर तिथून देऊ नकोस. मजकूर उचल, हिरव्या खिडकीत ये आणि तिथून पाठव.